दोन्ही रकान्यांत तेच व्याज: एका पीएफ पासबुकाची तपासणी

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत मी दोन-तीन लहान कारखान्यांची पगारपत्रकं आणि पीएफची चलनं बघते. हे प्रकरण त्या कारखान्यांतलं नाही. आमच्या वडगावातल्या शेजाऱ्यांचं आहे. त्यांना इथे तात्या म्हणते. ओळख लपवण्यापुरते तपशील बदलले आहेत.

तात्या लेथवरचे टर्नर. ऑक्टोबर 2014 ते मार्च 2020 अशी साडेपाच वर्षं त्यांनी मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत काम केलं. तिथे लागताना मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 9,500 रुपये होते, सोडताना 12,600. मग लॉकडाऊन आलं आणि वर्षभर घरीच बसावं लागलं. एप्रिल 2021 पासून उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये 16,000 रुपयांवर लागले. पुढच्या दोन वर्षांत पगार एप्रिलला हजार-हजारानं वाढून 18,000 झाला.

यूएएन, म्हणजे सभासदाचा पीएफ क्रमांक, तोच राहिला, पण जुन्या कारखान्याचं खातं नव्यात वर्ग केलेलं नव्हतं. त्यामुळे पोर्टलवर त्यांची दोन पासबुकं दिसत होती आणि घरातलं कुणी जुनं उघडून बघत नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1967. म्हणजे 31 मे 2025 ला 58 वर्षं पूर्ण होणार होती. पेन्शनच्या हिशेबाला ही तारीख फार महत्त्वाची आहे.

अडचण

सप्टेंबर 2024 मध्ये तात्यांचा मुलगा मोबाईलवर पासबुक घेऊन आला. 2023-24 चं व्याज नुकतंच जमा झालं होतं.

"ताई, बघा की ओ जरा. पीएफवाल्यांनी बाबांचे पैसे खाल्ल्यात. अकराशे अठ्ठावन रुपये कमी टाकल्यात."

त्यानं हिशेब कागदावर नीट मांडला होता. कामगाराच्या रकान्यात 1 एप्रिल 2023 ची सुरुवातीची शिल्लक 48,878. वर्षभरात जमा झालेले 25,800. बेरीज 74,678. त्या वर्षीचा दर 8.25 टक्के, म्हणून व्याज 6,161 हवं. पासबुकात `Int. Updated upto 31/03/2024` या ओळीसमोर मात्र 5,003. फरक 1,158. ऑनलाइन तक्रारीचा मजकूरही त्यानं लिहून आणला होता.

त्याला म्हटलं, तक्रार थांबव, आधी महिन्यावार मोजू. वर्षभरात थोडे थोडे जमा झालेल्या पैशाला पूर्ण वर्षाचं व्याज लावलं, ही त्याची चूक. पहिल्यांदा हिशेब करणारे बहुतेक सगळे हीच चूक करतात आणि तिच्यामुळे पीएफ ऑफिसकडे पुष्कळ तक्रारी विनाकारण जातात.

कामगाराचा रकाना: महिन्याच्या शिलकीवर व्याज

पीएफचं व्याज महिन्याच्या चालू शिलकीवर मोजतात आणि वर्षाच्या शेवटी एकदम जमा करतात. वर्षाच्या सुरुवातीला जी शिल्लक असेल तिला बारा महिन्यांचं व्याज. वर्षात जी रक्कम जमा होते तिला जमा झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून 31 मार्चपर्यंतचं. शेवटी एकूण व्याज जवळच्या रुपयात बसवायचं.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मार्चच्या पगाराचा पीएफ कारखाना एप्रिलमध्ये भरतो, कारण पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मुदत असते. म्हणून पासबुकाचं वर्ष मार्चच्या पगारापासून सुरू होतं आणि फेब्रुवारीच्या पगारावर संपतं. पासबुकात `Cont. For Due-Month 042023` अशी ओळ दिसली तर ती मार्च 2023 च्या पगाराची. तात्यांच्या मुलाला याच ओळीचाही संशय आला होता. पगार एप्रिलपासून वाढला आणि एप्रिलच्या ओळीत जुनाच 2,040 चा आकडा. तो आकडा बरोबरच होता, कारण तो 17,000 च्या 12 टक्के होता.

मग आम्ही वहीत ओळी मांडल्या. एप्रिलमध्ये जमा झालेल्या 2,040 ला 11 महिने. मेमध्ये आलेल्या 2,160 ला 10 महिने, जूनच्या 2,160 ला 9, असं उतरत उतरत मार्चमध्ये आलेल्या रकमेला शून्य. 2,160 च्या अकरा ओळींचे महिने एकत्र केले की 55 होतात.

2,040 गुणिले 11 म्हणजे 22,440. 2,160 गुणिले 55 म्हणजे 1,18,800. दोन्ही मिळून 1,41,240. महिन्याचा दर 8.25 भागिले 12, म्हणजे 0.6875 टक्के. त्या दरानं 971.03 रुपये. सुरुवातीच्या 48,878 वर वर्षाचं व्याज 4,032.44. एकूण 5,003.46, पूर्णांकात 5,003.

पासबुकाशी रुपयाला रुपया जुळलं. मुलानं तक्रारीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

ज्यांना संगणकावर करायचं आहे त्यांच्यासाठी: सुरुवातीची शिल्लक B2 मध्ये, बारा महिन्यांच्या जमा रकमा C2 ते C13 मध्ये आणि त्यांच्यासमोर 11 पासून 0 पर्यंतचे महिने D2 ते D13 मध्ये लिहायचे.

```
=ROUND(B2*8.25%+SUMPRODUCT(C2:C13,D2:D13)*8.25%/12,0)
```

मध्येच आगाऊ रक्कम काढली असेल तर सूत्र बदलावं लागतं. नोव्हेंबरमध्ये काढलेल्या पैशाला ऑक्टोबरअखेरपर्यंतचंच, म्हणजे सात महिन्यांचं व्याज मिळतं आणि उरलेल्या सुरुवातीच्या शिलकीला बारा महिन्यांचं. तात्यांनी काही काढलं नव्हतं, त्यामुळे आमचं काम सोपं झालं.

मालकाचा रकाना: जास्तीचे 567 रुपये

मुलगा उठायला लागला होता. सवयीनं मी मालकाच्या रकान्याचाही हिशेब करायला घेतला, तोही पासबुक न बघता, नियमानं किती यायला हवं त्यावरून.

कारखाना स्वतःच्या खिशातून पगाराच्या 12 टक्के भरतो. त्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, पण 15,000 रुपयांपर्यंतच्याच पगारावर. म्हणजे 15,000 च्या वर पगार कितीही असला तरी पेन्शनचा हिस्सा 1,250. उरलेलं मालकाच्या रकान्यात. तात्यांच्या 18,000 वर मालकाचे 2,160. त्यातून 1,250 वजा करून 910. मार्चच्या पगाराचे 2,040 वजा 1,250, म्हणजे 790. पेन्शनच्या पैशावर सभासदाच्या खात्यात व्याज येत नाही. ते सामाईक निधीत जातात आणि पासबुकात त्यांची फक्त नोंद दिसते.

या हिशेबानं 790 ला 11 महिने आणि 910 ला 55 धरले, सुरुवातीची शिल्लक पासबुकातलीच 48,878 घेतली. व्याज आलं 4,436.

पासबुकात मालकाच्या रकान्यातही 5,003 होतं. म्हणजे 567 रुपये जास्त.

"मग बरंच की ताई," मुलगा म्हणाला. "जादा आलं तर कशाला काढायचं?"

मला ते बरं वाटेना. व्याज कमी आलं की माणूस चिडून शोधायला लागतो, जास्त आलं की पासबुक मिटून ठेवतो. पण या दोन रकान्यांचं व्याज अगदी सारखं असणं हीच खूण होती. ज्याचं पेन्शन कापलं जातं त्याच्या मालकाच्या रकान्यात दरमहा कमी पैसे येतात, मग व्याज कामगाराच्या रकान्याइतकं कसं येईल? आणि सुरुवातीची शिल्लकही दोन्हीकडे 48,878 कशी?

1,250 ला 66 नं गुणलं. 66 म्हणजे 11 पासून 0 पर्यंतच्या सगळ्या महिन्यांची बेरीज. त्याला 0.6875 टक्के लावले तर 567.19. फरक पूर्ण उलगडला. मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्येच जात होता.

मग पासबुक आडवं धरून शेवटचा रकाना बघितला. मोबाईल उभा धरला की तो पडद्याबाहेर जातो. पेन्शनच्या रकान्यात एप्रिल 2021 च्या पगारापासून प्रत्येक ओळीत 0.

567 हा फक्त त्या एका वर्षात जमा झालेल्या पैशांचा परिणाम होता. मागच्या दोन वर्षांची चूक सुरुवातीच्या शिलकीत मुरलेली होती. पहिल्यापासून मांडल्यावर चित्र असं निघालं: 2021-22 मध्ये 8.10 टक्क्यांनी 464 रुपये, 2022-23 मध्ये 8.15 टक्क्यांनी 1,719 आणि 2023-24 मध्ये 3,119. म्हणजे तीन वर्षांत 5,302 रुपये व्याज चुकीच्या जागी पडलेलं. मालकाच्या रकान्यातली 1 एप्रिल 2023 ची खरी शिल्लक 17,945 असायला हवी होती आणि त्या वर्षीचं व्याज 1,884. एका वर्षापुरतं तपासणाऱ्यानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सुरुवातीची शिल्लक जशी आहे तशी बरोबर धरली तर जुनी चूक दिसतच नाही.

चूक कुठे झाली

नव्या कारखान्यात लागताना फॉर्म 11 भरून घेतात. त्यात आधी पीएफचे सभासद होता का आणि आधी पेन्शन योजनेचे सभासद होता का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. तात्यांच्या फॉर्मवर पहिल्याला "होय" होतं आणि दुसऱ्याला "नाही". फॉर्म इंग्रजीत. कारखान्यातल्या सूचना कानडीत. तात्यांचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंतचं. क्लार्कनं बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

क्लार्कनं मुद्दाम काही केलं नव्हतं. 1 सप्टेंबर 2014 पासून नियम असा आहे की जो पहिल्यांदाच सभासद होतो आणि ज्याचा पगार तेव्हा 15,000 पेक्षा जास्त असतो, त्याला पेन्शन योजना लागू होत नाही. तात्यांचा पगार 16,000 बघून त्यानं हा नियम लावला. पण तात्या पहिल्यांदा सभासद झाले होते 2014 मध्ये, 9,500 पगारावर. तेव्हाच ते पेन्शनचे सभासद झाले होते आणि मधल्या काळात त्यांनी पेन्शनचे पैसे काढून घेतले नव्हते. असा माणूस पुढे कितीही पगारावर लागला तरी त्याचं पेन्शन चालू राहायला हवं.

जुनं पासबुक उघडलं तर साडेपाच वर्षं पेन्शनच्या रकान्यात दरमहा रक्कम होती. हाच आमचा पुरावा.

कोणते पर्याय होते

त्या रात्री तात्यांच्या सोप्यात बसून आम्ही तीन वाटा मांडल्या. तात्या, काकू, मुलगा आणि मी.

पहिली वाट म्हणजे आहे तसं ठेवायचं. मुलाचा कल इकडे होता आणि त्याचं म्हणणं अगदी चुकीचं नव्हतं. पीएफमधला पैसा आपल्या नावावर दिसतो, त्यावर व्याज येतं आणि निवृत्तीला एकरकमी हातात पडतो. मे 2025 पर्यंत पेन्शनकडे जायला हवी असलेली मुद्दल होणार होती 50 महिन्यांची 62,500, व्याजासह साधारण 72,000. शिवाय जुन्या साडेपाच वर्षांचे पेन्शनचे पैसे दहा वर्षांपेक्षा कमी सेवा म्हणून एकरकमी परत मिळाले असते, माझ्या अंदाजानं सत्तरेक हजार. एकूण 1,42,000 च्या आसपास. पण दरमहा पेन्शन मात्र काहीच नाही.

दुसरी वाट म्हणजे पुढच्या महिन्यापासून पेन्शन सुरू करायचं आणि मागचं सोडून द्यायचं. कारखान्याला ही सगळ्यात सोपी होती. पण मेपर्यंत फक्त आठ महिने मिळणार. साडेपाच वर्षं अधिक आठ महिने म्हणजे सहा वर्षं दोन महिने. दहा वर्षं भरत नाहीत, म्हणजे पेन्शनही नाही आणि वर हे आठ महिन्यांचे पैसेही पीएफमधून गेले. ही वाट आम्ही पाचच मिनिटांत सोडली.

तिसरी वाट एप्रिल 2021 पासून सगळं दुरुस्त करून घ्यायची. मग सेवा होते साडेपाच वर्षं अधिक चार वर्षं दोन महिने, म्हणजे नऊ वर्षं आठ महिने. सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा वर्षं. आता या हिशेबात दोनच महिन्यांची सवड होती. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस सेवेतून वजा होतात, म्हणून मी कारखान्याकडून ते दिवस मागवले. नव्या कारखान्यात 19 दिवस होते. सवड पुरली.

पेन्शन किती बसेल? शेवटच्या 60 महिन्यांच्या पेन्शनपात्र पगाराची सरासरी, गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. नव्या कारखान्याचे 50 महिने 15,000 नं आणि जुन्याचे शेवटचे 10 महिने 12,600 नं. सरासरी 14,600. त्याला 10 नं गुणून 70 नं भागलं की 2,086.

वर्षाला 25,032. म्हणजे पहिल्या वाटेतले 1,42,000 भरून यायला पावणेसहा वर्षं. एकरकमी पैशावरचं व्याज धरलं तर आणखी थोडी जास्त. तात्यांच्या तब्येतीकडे बघून हा हिशेब करणं अवघड होतं, तरी करावा लागला. काकूंनी विचारलं, "ह्यांच्या माघारी?" माघारी पत्नीला निम्मी पेन्शन मिळते, हे सांगितलं. तात्या तोवर गप्प बसले होते. ते म्हणाले, "पोरी, एकरकमी पैसा घरात आला की त्याला दहा वाटा फुटतात. महिन्याचं लावून दे."

निर्णय त्यांचा होता आणि तो झाला.

काय केलं

कारखान्याचा क्लार्क आधी घाबरला. मागची चूक कबूल केली तर दंड बसेल, असं त्याला वाटत होतं. त्याला चलनं काढून दाखवली. कारखान्यानं एकूण 12 टक्के दर महिन्याला वेळेत भरलेच होते, फक्त पेन्शनचे पैसे पीएफच्या खात्यात पडले होते. कारखान्याला नव्यानं एक रुपयाही भरायचा नव्हता, पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवायचे होते. हे त्याला पटलं. मालकांनी सही दिली.

त्याच आठवड्यात मुलानं जुनं खातं नव्यात वर्ग करण्याचा अर्ज ऑनलाइन टाकला. पैशाबरोबर सेवेची वर्षंही एका जागी दिसायला हवी होती, नाहीतर दहा वर्षांचा दावा कागदावर उभाच राहिला नसता.

पहिला अर्ज ऑक्टोबर 2024 मध्ये दिला. तात्या आणि कारखाना, दोघांच्या सह्यांचं पत्र, फॉर्म 11 ची प्रत, जुन्या पासबुकाची छापील प्रत. पत्रात "एप्रिल 2021 ते ऑगस्ट 2024, 41 महिने" एवढंच लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी तो परत आला. महिन्यावार तक्ता जोडलेला नव्हता. तोवर सप्टेंबरचा पगारही शून्य पेन्शननं भरून झाला होता, त्यामुळे आकडाही चुकीचा ठरला.

दुसऱ्या अर्जात मी 42 ओळींचा तक्ता लावला. प्रत्येक ओळीत पगाराचा महिना, पगार, पेन्शनचा पगार 15,000, मालकाच्या रकान्यात गेलेली रक्कम, जायला हवी होती ती आणि फरक 1,250. खाली मुद्दल 52,500 आणि तीन वर्षांचं व्याज वर्षवार. ऑक्टोबरच्या पगारापासून कारखान्यानं चलनात पेन्शनचा पगार भरायला सुरुवात केली होती, त्या चलनाचीही प्रत जोडली. त्यामुळे चूक पुढे चालू नाही हे दिसलं आणि रक्कम 42 महिन्यांवर थांबली.

निकाल

फेब्रुवारी 2025 मध्ये पासबुकात मालकाच्या रकान्यातून रक्कम वजा झाली. मुद्दल 52,500 आणि मार्च 2024 पर्यंतच्या व्याजापोटी 5,303. आमच्या तक्त्यात 5,302 होतं. हा रुपया पूर्णांकातला.  एवढ्या फरकासाठी भांडू नये, आणि याहून जास्त फरक असला तर तो सोडू नये, हे माझं ठाम मत आहे.

पासबुकातली शिल्लक 57,803 रुपयांनी कमी झालेली बघून मुलाचा चेहरा उतरला. आकडे आधी माहीत होते, तरी डोळ्यांना ते बघवलं नाही. काकू म्हणाल्या, "गेले नाहीत रे, जागा बदलली."

तात्या 31 मे 2025 ला निवृत्त झाले. पेन्शनचा अर्ज फॉर्म 10डी मध्ये केला. मंजुरीच्या कागदावर सेवा 10 वर्षं आणि पेन्शन 2,086 रुपये आली, 1 जूनपासून.

वेगळं काय करता आलं असतं

माझी पहिली चूक अशी की मी व्याजापासून सुरुवात केली. पेन्शनचा रकाना आधी बघितला असता तर अर्धा तास वाचला असता. आता कुणी पासबुक आणलं की मी कुठलाही एक महिना घेते आणि तीन आकडे जुळवते: कामगाराचे 12 टक्के, पेन्शनचे 8.33 टक्के किंवा जास्तीत जास्त 1,250, आणि मालकाच्या 12 टक्क्यांतून पेन्शन वजा जाता उरलेलं. ते जुळले तरच व्याजाकडे वळते.

दुसरी चूक पहिल्या अर्जाची. महिन्यावार तक्ता माझ्या वहीत तयार होता, तो जोडला नाही. त्यात एक महिना गेला आणि दोनच महिन्यांची सवड असलेल्या माणसाच्या बाबतीत तो महिना महाग पडू शकला असता. ऑक्टोबरचं चलन आधीच दुरुस्त झालं नसतं तर चुकीच्या महिन्यांचा आकडा पुन्हा वाढला असता.

आणि 2021 मध्येच जुनं खातं वर्ग केलं असतं तर क्लार्कला साडेपाच वर्षांची पेन्शनची सेवा समोर दिसली असती आणि फॉर्मवरच्या "नाही"वर कुणीतरी बोट ठेवलं असतं. हे तात्यांनी करायचं होतं की कारखान्यानं, यावर त्या सोप्यात बराच वाद झाला. माझ्या मते ज्यानं फॉर्म भरून घेतला त्यानं विचारायला हवं होतं. ज्याला भाषा येत नाही त्याच्याकडून सही घेणाऱ्याची जबाबदारी जास्त असते.

ही गोष्ट कळल्यावर त्याच मशीन शॉपमधले आणखी तिघे पासबुकं घेऊन आले. तिघांच्याही पेन्शनच्या रकान्यात शून्य. पण त्यातले दोघे डिप्लोमा झालेले, त्यांची ही पहिलीच नोकरी, 2019 नंतर 15,000 च्या वरच्या पगारावर लागलेले. त्यांचं शून्य बरोबर आहे आणि मालकाचे पूर्ण 12 टक्के त्यांच्या पीएफमध्ये यायलाच हवेत. त्यांचे दोन्ही रकाने सारखे असणार आणि व्याजही सारखंच येणार. तिसऱ्याची कहाणी तात्यांसारखीच आहे. तो 44 वर्षांचा आहे, खानापूरहून रोज येतो, आणि त्याचा 29 ओळींचा तक्ता आम्ही गेल्या रविवारी पूर्ण केला.